अवघड नोंद आधी उघडा, सोपी आधी उरका

सकाळी उठल्या-उठल्या सगळ्यांत अवघड काम हातात घ्यावं, म्हणजे उरलेला दिवस हलका जातो, असा सल्ला हल्ली शासकीय प्रशिक्षणांत, स्पर्धा परीक्षेच्या वर्गांत आणि व्हॉट्सअॅपवर सारख्याच उत्साहाने दिला जातो. उलट बाजूही आहेच. दोन-चार सोपी कामं हातावेगळी केली की हुरूप येतो, मग अवघडाला भिडावं, असं म्हणणारेही कमी नाहीत. दोन्ही सल्ल्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते: कामाचा क्रम म्हणजे काम करणाऱ्याच्या मनाचा प्रश्न. घरी बसून अभ्यास करणाऱ्यापुरतं ते ठीकही आहे. पण ज्याच्या टेबलासमोर दहा माणसं उभी असतात, त्याने क्रम लावला की आपोआप एक निवाडा होतो. कोण तासभर थांबणार आणि कोण वर्षभर, हे ठरून जातं. त्यामुळे हा प्रश्न मी सातारा जिल्ह्यातल्या मंडळ अधिकाऱ्याच्या, म्हणजे आपल्या बोलीत सर्कलच्या, टेबलावर ठेवून बघणार आहे. सातबाऱ्यावरच्या नोंदी तिथे मंजूर होतात. कोरेगाव असो, पाटण असो की खटाव, शेती असलेल्या प्रत्येक घराला कधी ना कधी त्या टेबलापुढे उभं राहावं लागतं.

नोंदीचा प्रवास थोडक्यात असा. खरेदी, वारस, वाटणी, बँकेचा बोजा यांपैकी काही घडलं की तलाठी फेरफार नोंदवतो. (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात अजून तलाठी किंवा भाऊसाहेबच.) महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे संबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. हरकत आली नाही तर सर्कल कागद तपासून नोंद प्रमाणित करतो. ही झाली साधी नोंद. हरकत आली की ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, गाव नमुना ६-अ मध्ये जाते आणि तिला 'तक्रारी नोंद' म्हणतात. मग पक्षकारांना नोटिसा, सुनावणी, कागदपत्रं आणि शेवटी कारणांसह निकाल. साध्या नोंदीला सर्कलचा अर्धा तास पुरतो. तक्रारी नोंदीला सगळं मिळून सहा तास लागतात असं धरू. सहा तास म्हणजे फार नव्हे, पण हे सहा तास सलग कधीच येत नाहीत, ही या लेखातली मुख्य गोष्ट आहे.

आधी सोप्याच्या बाजूचा हिशेब मांडतो, कारण 'अवघड आधी' म्हणणारे तो मांडतच नाहीत. टेबलावर आठ साध्या नोंदी आहेत आणि एक तक्रारी. काम करणारा माणूस एक. एकूण काम दहा तासांचं, कुठूनही सुरुवात केली तरी दहाच तासांचं. सोप्या आधी केल्या तर पहिली अर्ध्या तासात, आठवी चार तासांनी आणि तक्रारी दहा तासांनी संपते. नऊ जणांचं थांबणं मिळवून नऊने भागलं तर सरासरी येते सुमारे तीन तास सात मिनिटं. आता तक्रारी आधी घ्या. ती सहा तासांनी संपते, पण तोवर आठ माणसं बाकावर, आणि त्यांची कामं साडेसहा ते दहा तासांच्या दरम्यान होतात. सरासरी येते आठ तास. एकाला चार तास लवकर मोकळं करण्यासाठी आठ जणांना प्रत्येकी सहा तास जास्त बसवलं. काम करणारा एक आणि सगळी कामं आधीच हजर असतील, तर लहान काम आधी घेतल्याने सरासरी प्रतीक्षा सर्वांत कमी होते. उत्पादन नियोजनाच्या शास्त्रात हे १९५० च्या दशकापासून गणिताने सिद्ध झालेलं आहे. कारकुनी व्यवहारज्ञानाला ते त्याआधीही ठाऊक असावं.

त्या आठ जणांतल्या एखाद्याची निकड बघितली की या आकड्यांना वजन येतं. समजा एकाला बोजा कमी करून हवाय. जुनं कर्ज फिटलंय, बँकेचं पत्र हातात आहे, पण सातबाऱ्यावर बोजा दिसतोय तोवर दुसरी बँक पीककर्ज देत नाही. मे महिना संपत आलाय. त्याची अर्ध्या तासाची नोंद एका मोठ्या वादाच्या मागे अडकवून ठेवणं, आणि वर त्याला शिस्त म्हणणं, मला मान्य नाही.

साध्या वारस नोंदीचा युक्तिवाद तर आणखी पक्का आहे. ती आज सोपी असते आणि ठेवून दिली की अवघड होते. मिळालेला हक्क तीन महिन्यांत तलाठ्याला कळवावा असं संहितेचं कलम १४९ सांगतं, पण गावाकडे म्हातारा गेला की पहिल्या वर्षी कुणाच्या डोक्यात ते येत नाही. त्या वर्षी कागदावर असते बायको आणि तीन मुलं. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, तलाठ्याची स्थानिक चौकशी, एवढ्यावर काम भागतं. वीस वर्षांनी त्याच नोंदीला हात घाला. तिघांपैकी एक वारलेला, त्याची दोन मुलं घाटकोपरला, एक मुलगी सासरी, तिचं नाव लागणार म्हटल्यावर धाकट्या भावाची हरकत. २००५ च्या हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क दिला हे आता सगळ्यांना माहीत आहे, आणि माहीत आहे म्हणूनच तिला नोटीस पोहोचू नये अशी धडपडही होते. अर्ध्या तासाचं काम असं सहा तासांचं होतं. अशा नोंदी आधी उरकणाऱ्याने सोपं काम निवडलं म्हणून त्याला कुणी कमी लेखू नये. पुढच्या दशकातलं एक भांडण त्याने आजच मिटवलेलं असतं.

नव्याने बदलून आलेल्या सर्कललाही पहिल्या महिन्यात सोप्यानेच सुरुवात करावी लागते. कोणत्या गावात कोणती भावकी कुणाशी बोलत नाही, कोणता जुना फेरफार कुठल्या साली फसला, हे साध्या नोंदी तपासता-तपासताच कळतं. पहिल्याच आठवड्यात त्याने वाटणीच्या वादाचा निकाल लिहायला घेतला तर तो प्रांतांकडे अपिलात टिकण्याची शक्यता कमीच.

एवढं सगळं सोप्याच्या पारड्यात टाकूनही माझं मत असं आहे की आपल्या कार्यालयांत सोप्याला मिळतं ते प्राधान्य गरजेपेक्षा फार जास्त आहे, आणि त्याची किंमत ठराविक लोकच मोजतात.

वरच्या हिशेबात एक वाक्य होतं: सगळी कामं आधीच हजर असतील तर. खऱ्या टेबलावर रोज नवी येतात. सर्कलला फिरती, पंचनामे, बैठका, मार्चमध्ये वसुली हे सगळं सांभाळून नोंदींसाठी दिवसाला पाच तास मिळतात असं समजा आणि रोज दहा साध्या नोंदी येतात असं समजा. दहा गुणिले अर्धा तास म्हणजे पाच तास. 'लहान आधी' हा नियम निष्ठेने पाळणारा हा माणूस रोज सगळं टेबल साफ करेल, महिनाअखेरीला त्याची निर्गती उत्तम दिसेल आणि तक्रारी नोंदीला तो आयुष्यात कधी हात लावणार नाही. त्यात त्याचा आळस नाही की भ्रष्टाचारही नाही. नियमातूनच हे निघतं. तक्रारदार तात्या दर महिन्याला एसटीने येतात, विचारतात, "भाऊसाहेब, आमच्या नोंदीचं काय झालं?" उत्तर मिळतं, "तात्या, तक्रारी आहे ना ती. मार्च एंड होऊ द्या, बघू." भाऊसाहेब खोटं बोलत नसतात. पण मार्चनंतर एप्रिलच्या साध्या नोंदी येतात.

कायद्याचं घड्याळही इथे सोप्याच्याच बाजूने फिरतं. शासकीय कर्तव्यातल्या विलंबाला प्रतिबंध करणारा २००५ चा कायदा म्हणतो की कर्मचाऱ्याकडे फाइल साधारणपणे सात कामकाजी दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. मात्र न्यायप्रविष्ट आणि अर्धन्यायिक प्रकरणांना त्यातून सूट आहे. तक्रारी नोंद अर्धन्यायिक. तिच्यासाठी संहितेत आहे 'शक्यतो एक वर्ष'. सूट देण्यामागचं कारण समजण्यासारखं आहे, दोन्ही बाजू ऐकायला वेळ लागतोच. पण ज्या फाइलमागे घड्याळ नाही ती रांगेत सारखी मागे सरकते, आणि इथे नेमकं अवघड फाइलमागेच घड्याळ नाही.

मग अवघड आधी? पुन्हा ते आठ जण बाकावर? नाही. तक्रारी नोंदीचे सहा तास सुटे करून बघा. फाइल वाचणं, पक्षकारांची यादी, नोटिसा आणि जुन्या अभिलेखाच्या नकलेसाठी भूमी अभिलेख किंवा दुय्यम निबंधक कार्यालयाला पत्र, याला दीड तास. सुनावणीच्या दोन तारखा, प्रत्येकी एक तास. निकालपत्र अडीच तास. झाले सहा. पण नोटीस बजावून परत यायला पंधरवडा जातो, नक्कल यायला महिना, दोन तारखांमध्ये पुन्हा पंधरवडा. सर्कलचा हात लागतो तो वेळ सहा तास आणि नुसतं थांबणं चाळीस-पन्नास दिवस. हे थांबणं सर्कलच्या वेळेतून जात नाही. ते टपालातून, दुसऱ्या कार्यालयातून, मुंबईच्या पत्त्यावरून जातं. आणि पहिला दीड तास दिल्याशिवाय ते सुरूच होत नाही.

महिन्याच्या पहिल्याच दिवशी तो दीड तास दिला, तर आठ साध्या नोंदींना प्रत्येकी दीड तास उशीर होतो. महिनाअखेरीला दिला, तर तक्रारी नोंद जवळजवळ एक महिना मागे जाते. एका बाजूला दीड तास आणि दुसऱ्या बाजूला महिना. शिवाय तो दीड तास सकाळी गर्दीतच द्यायला हवा असंही नाही. शेवटची एसटी धरायला लोक गेले की कार्यालयात जो शांत तास उरतो, तो दोन दिवस वापरला तरी भागतं. जूनच्या पेरणीत तूर आणि मूग एकाच पावसावर जमिनीत जातात. मूग दोन-अडीच महिन्यांत हाताशी येतो म्हणून तूर मागाहून पेरू, असं कुणी शेतकरी म्हणत नाही. लांबची आहे म्हणून तर ती वेळेवर पडायला हवी.

म्हणजे 'आधी' या शब्दात दोन वेगळी कामं दडलेली आहेत: आधी सुरू करणं आणि आधी संपवणं. ज्या कामात इतरांची वाट बघावी लागते ते आधी सुरू करावं, मग वाट बघायच्या काळात सोपी कामं संपवावीत. 'अवघड आधी' आणि 'सोपं आधी' यांच्यातलं निम्मं भांडण तिथेच मिटतं. उरलेलं निम्मं निकालपत्राच्या अडीच तासांबद्दल आहे, आणि त्याला सलग वेळच लागतो. त्यासाठी आठवड्यातली एक ठराविक दुपार राखून ठेवावी आणि तलाठ्यांना व गावांना ती आधीच कळवावी. रोज सकाळी स्वतःशी झगडून इच्छाशक्ती जमवण्यापेक्षा हे बरं.

लवकर उघडण्याचा दुसरा फायदा म्हणजे अडचण लवकर दिसते. बंद फाइल किती अवघड आहे हे बाहेरून कळत नाही. जावळी-पाटणच्या पट्ट्यातल्या कुठल्याही वारसांच्या यादीत निम्मी नावं मुंबई-नवी मुंबईची असतात. माथाडीत गेलेला चुलता, त्याचा जुना चाळीचा पत्ता, चाळ पाडून तिथे टॉवर. नोटीस 'सदर पत्त्यावर राहत नाही' असा शेरा घेऊन परत येते. हे पहिल्या आठवड्यात कळलं तर गावातून नवा पत्ता मिळवायला वेळ असतो, आणि सुनावणीची तारीख गावच्या यात्रेच्या आसपास ठेवता येते, तेव्हा सगळी भावकी गावात असते. हे दोन महिन्यांनी, सुनावणीच्या दिवशी कळलं तर ती तारीख वाया. आलेले पक्षकार हात हलवत परत जातात आणि नोटिशीचे सगळे पंधरा दिवस पुन्हा पहिल्यापासून. पत्रांचंही तसंच. जुन्या फेरफाराची नक्कल लागणार हे पहिल्या वाचनात दिसतं. पण वाचनच सुनावणीच्या आदल्या दिवशी केलं, तर पत्र सुनावणीनंतर जातं आणि नोटीस व नक्कल यांचे काळ एकाच वेळी चालायच्या ऐवजी एकापुढे एक लागतात. आणखी महिना गेला. फाइल नंतर चाळली तरी हे ओळखता येतं: नोटिशीची आणि पत्राची तारीख एकच असेल तर उघडणाऱ्याने विचार केलेला आहे.

आपल्या कार्यालयांत याची सोय नाही असं नाही. सहा गठ्ठा पद्धतीत एक गठ्ठा 'प्रतीक्षाधीन' प्रकरणांचा असतो, दुसऱ्या कुणाच्या उत्तरासाठी थांबलेल्या फायलींचा. कल्पना उत्तम आहे. पण त्या गठ्ठ्यात गेलेल्या फाइलवर पुढची तारीख नसेल तर ती तिथेच राहते, आणि टेबलावरचा गठ्ठा मात्र लहान दिसतो. झिरो पेंडन्सी ही मोहीम पुणे महसूल विभागात जोरात चालली तेव्हा विभागीय आयुक्त होते चंद्रकांत दळवी, आपल्याच खटाव तालुक्यातल्या निढळचे. त्या मोहिमेने कित्येक कार्यालयांतले धूळ खाणारे कागद हलवले, आणि रोजचं काम रोज ही सवय चांगलीच. माझा आक्षेप मोजण्याच्या पद्धतीला आहे. मासिक गोषवाऱ्यात आरंभीची शिल्लक, आलेली, निर्गत आणि अखेरची शिल्लक येते. त्यात बोजा कमी केल्याची नोंद एक आणि तीन सुनावण्या घेऊन लिहिलेला निकालही एकच. महिनाअखेरीला बैठकीत आकडा सांगायचा असेल तर कुठलाही शहाणा माणूस अडीच तासांत पाच साध्या नोंदी करेल. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, गोषवाराच त्याला तसं करायला सांगतो.

म्हणून माझी मागणी दोन रकान्यांची आहे. एक, सर्वांत जुन्या प्रलंबित प्रकरणाचं वय. किती शिल्लक, याच्या शेजारी सर्वांत जुनं किती दिवसांचं. हा आकडा सोपी कामं उरकून खाली येत नाही, जुन्याला हात लावूनच येतो. दोन, प्रत्येक तक्रारी नोंदीसमोर शेवटची हालचाल कोणत्या तारखेला झाली आणि आता फाइल कुणाच्या उत्तरासाठी थांबली आहे. तहसीलदारांनी बैठकीत निर्गतीचा आकडा विचारण्याआधी हे दोन विचारावेत.

याला एक आक्षेप मी स्वतःच घेतो. हालचाल मोजली की पोकळ हालचाल सुरू होते. 'पक्षकार गैरहजर, पुढील तारीख' असं लिहून रकाना भरता येतो. खरं आहे. म्हणूनच 'कुणाच्या उत्तरासाठी' हा भाग महत्त्वाचा. तीन तारखा ओळीने 'पक्षकार गैरहजर' असेल आणि नोटीस बजावल्याचा अहवालच फाइलला नसेल, तर ती हालचाल कागदावरचीच, हे वरच्या अधिकाऱ्याला दोन मिनिटांत दिसतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. एका सर्कलकडे अनेक गावं, काही वेळा रिकाम्या मंडळाचा अतिरिक्त कार्यभारही. येणारं काम हाताच्या कुवतीपेक्षा जास्त असेल तर कुठलाही क्रम रांग संपवू शकत नाही. रांगेत कुणी मागे राहायचं, एवढंच तो ठरवतो. हे मला पूर्ण मान्य आहे. पण आज मागे कोण राहतं ते बघा. ज्यांचं काम अवघड आहे ते, आणि त्यांचं काम बहुतेकदा अवघड असतं कारण समोर कुणीतरी हरकत घेणारा आहे, आणि उशीर हाच त्याचा फायदा आहे. जमीन कसतोय तो कसत राहतो, नाव लागायचं राहिलेली बहीण थांबते. जिल्ह्याच्या पातळीवर बघायचं तर कोयना आहे. धरणाचं काम १९५० च्या दशकात सुरू झालं आणि विस्थापितांतल्या कित्येक कुटुंबांचा जमिनीचा प्रश्न त्यांच्या नातवंडांच्या काळातही आंदोलनाचा विषय राहिला. त्या प्रश्नाला राजकीय कारणं अनेक आहेत, नुसत्या क्रमावर ते ढकलता येणार नाही. पण दर वर्षी त्याच्यापेक्षा सोपं काहीतरी टेबलावर होतंच, हेही त्यातलं एक कारण.

आणि काही फायली अशाही असतात की त्या आधी उघडण्यात काहीच हशील नसतं. दिवाणी न्यायालयाने मनाई दिली असेल तर सर्कलने रोज ती फाइल काढून बघितली तरी तिचं पान उलटत नाही. मनाई हुकुमाची प्रत लावावी, न्यायालयातली पुढची तारीख वर लिहावी, दोन्ही पक्षांना कळवावं आणि ती प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात ठेवून खुशाल बोजा कमी करायच्या नोंदी घ्याव्यात.